लाल-काळ्या जोड्या: पत्ते पिसले तरी रचना मोडत कशी नाही?

पानगळ
पत्त्यांची एक जादू पाहिली, तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. जादूगाराने कॅट प्रेक्षकाच्या हातात दिला. प्रेक्षकाने दोनतीनदा काटला. मग वरून एकेक पत्ता टेबलावर उपडा टाकत त्याला वाटलं तेव्हा थांबला, म्हणजे दोन गठ्ठे झाले. ते दोन्ही गठ्ठे समोरासमोर धरून अंगठ्यांनी फर्रकन एकमेकांत सोडले (रिफल शफल म्हणतात तेच). जादूगाराने कॅट टेबलाखाली नेला आणि दोन-दोन पत्ते बाहेर काढायला लागला. प्रत्येक जोडीत एक लाल, एक काळा. शेवटपर्यंत!

एवढं कळलं की कॅट आधीच लाल-काळा-लाल-काळा असा लावलेला असतो. घरी तसा लावून केलं, आणि जमतंय. पण पिसल्यावर सुलटा करून बघितला तर एकाआड एक काही उरलेलं नसतं. काळा-काळा, लाल-लाल असे शेजारी दिसतात. तरी वरून दोन-दोन काढले की जोडी बरोबर. हे का होतं?

दुसरा प्रश्न. एकदा पहिल्या काही जोड्या बरोबर आल्या आणि मग अचानक घोळ सुरू झाला. काही बरोबर, काही चूक. तेव्हा नेमकं काय बिघडलं असेल?

झब्बू
टेबलाखाली का नेला? तिथेच उत्तर आहे. काळ्या पत्त्यांना कडेला बारीक खूण असणार, बोटाला लागते.

तिर्रीवाला
खूणबिण काही नाही. हे परफेक्ट शफलचं प्रकरण आहे. कॅटचे बरोबर 26-26 चे दोन भाग करायचे आणि एक इकडचा, एक तिकडचा असे अचूक एकाआड एक घुसवायचे. वरचा पत्ता वरच ठेवून असं 8 वेळा केलं की 52 पत्त्यांचा कॅट मूळ क्रमावर येतो. हात बसायला वर्षं लागतात. जादूगाराने तेच केलं असणार.

पानगळ
@तिर्रीवाला, पण पिसलं प्रेक्षकाने, आणि तेही वाईट. एका बाजूचे पाच-सहा पत्ते एकदम धबकन पडले, मग दुसऱ्या बाजूचे दोन, मग परत चार. 26-26 तर नव्हतेच, टेबलावर फार तर वीसेक टाकले असतील.
@झब्बू, मी घरी केलं तेव्हा माझ्याच कॅटवर केलं. खुणा कोण करणार?

झब्बू
मग घरच्यांवर लक्ष ठेवा :)

हातचा एक
तिर्रीवाला यांचं 8 वेळांचं म्हणणं खरं आहे, पण ती वेगळी गोष्ट. तिथे हात अचूक लागतो. इथली गंमत अशी की हात कितीही वाकडा असला तरी चालतं. पत्ते एकेक पडोत की सहा-सहा, जोड्या जुळणारच.

टेबलाखाली नेणं हा निव्वळ देखावा आहे. वरून दोन-दोन काढायचे, एवढंच तो खाली करत होता. उघड्यावर केलं तर लोकांना लगेच कळेल की हा काही शोधत नाहीये.

आता कारण. पिसलेला कॅट वरून एकेक पत्ता घेऊन बनतोय असं समजा. प्रत्येक वेळी पुढचा पत्ता डावीकडच्या गठ्ठ्याच्या माथ्यावरून येतो नाहीतर उजवीकडच्या. तिसरी शक्यता नाही. सगळं लक्ष या दोन माथ्यांवर ठेवा.

सुरुवातीला दोन्ही माथ्यांचे रंग वेगळे असतात. टेबलावर शेवटी टाकलेला पत्ता डावीकडचा माथा झाला आणि हातात उरलेल्यांतला पहिला पत्ता उजवीकडचा. मूळ कॅटमध्ये हे दोघे शेजारी होते, म्हणून एक लाल, एक काळा. समजा डावीकडे लाल आहे आणि पहिला पत्ता तिथून आला. त्या लालच्या खाली काळा आहे, कारण डावा गठ्ठा उलटा झाला तरी एकाआड एकच राहतो. उजवीकडे काळा आधीपासून बसलेलाच आहे. म्हणजे आत्ता दोन्ही माथे काळे. दुसरा पत्ता कुठूनही येऊ द्या, तो काळाच. जोडी जमली.

आता जोडी निघून गेल्यावर काय उरतं ते पाहा. दुसरा पत्ताही डावीकडूनच आला असेल तर डावीकडे पुन्हा लाल वर आला, उजवीकडे काळा तसाच. दुसरा उजवीकडून आला असेल तर डावीकडे काळा आणि उजवीकडे लाल. दोन्ही वेळा माथे पुन्हा वेगवेगळ्या रंगांचे. म्हणजे सुरुवातीला होतो तिथेच आलो, आणि पुढची जोडीही जमणार. कॅट संपेपर्यंत हेच.

पिसणाऱ्याला निवड फक्त प्रत्येक जोडीतला पहिला पत्ता कुठल्या रंगाचा यात मिळते. दुसऱ्याचा रंग त्याच्या हातात नाही. तुम्हाला काळा-काळा शेजारी दिसले ते एका जोडीचा दुसरा आणि पुढच्या जोडीचा पहिला. एका जोडीच्या आत कधीच दिसणार नाहीत.

उगाचच
म्हणजे पिसणाऱ्याला वाटतं आपण ठरवतोय, आणि ठरलेलं असतं आधीच. संसाराचं गणित सांगितलंत.

मुक्ता_स
मी हे थोडं वेगळं करते. टेबलावर एकेक टाकत बसत नाही, सरळ कॅट काटते आणि दोन भाग रिफल करते. कधी सगळ्या जोड्या बरोबर येतात, कधी पहिल्यापासूनच गडबड. मला वाटायचं माझं पिसणं चुकतंय.

हातचा एक
मुक्ताताई, पिसणं चुकत नाहीये. काटताना वरच्या भागात विषम पत्ते आले की जमतं आणि सम आले की नाही. विषम आले तर दोन्ही भागांचे माथे वेगळ्या रंगांचे असतात, सम आले तर एकाच रंगाचे. बाकी सगळं वर सांगितल्यासारखंच.

मोजायची गरज नाही. काटल्यावर दोन्ही भागांचे सगळ्यात खालचे पत्ते ओझरते बघा. रंग वेगळे असतील तर बिनधास्त पिसा. सारखे असतील तर पिसा, पण पिसून झाल्यावर पत्ते आपल्याकडे तोंड करून थोडे पसरा, कुठेही एकाच रंगाचे दोन शेजारी दिसले की बरोबर त्यांच्या मधून कॅट काटा आणि खालचा भाग वर ठेवा. आता वरून जोड्या घ्या. सम काटलं की जोड्या फक्त एका पत्त्याने सरकलेल्या असतात. पहिला पत्ता सुटा राहतो, दुसरा-तिसरा जोडी, चौथा-पाचवा जोडी, आणि शेवटचा पत्ता पहिल्याचा जोडीदार. एकाच रंगाचे दोन शेजारी आले तर ते दोन वेगळ्या जोड्यांतलेच असणार, म्हणून तिथे काटलं की जोडी फुटत नाही.

मुक्ता_स
आत्ताच करून पाहिलं. सम काटलं, दोन लाल शेजारी शोधून मधून काटलं, आणि सगळ्या जोड्या बरोबर! इतके दिवस स्वतःच्या हातांना शिव्या देत होते.

गणिती किडा
धागा आत्ता दिसला. याला गिलब्रेथचं तत्त्व म्हणतात. नॉर्मन गिलब्रेथ हे गणिती आणि हौशी जादूगार, त्यांनी 1958 साली ही लाल-काळ्याची जादू जादूगारांच्या मासिकात दिली. पुढे त्यांनीच दाखवलं की दोन रंगांवर काही अडलेलं नाही, कितीही लांबीचा क्रम चालतो. खरी मजा तिथे आहे.

कॅट इस्पिक, बदाम, किलवर, चौकट, पुन्हा इस्पिक, बदाम, किलवर, चौकट असा तेरा वेळा लावा. काही पत्ते टेबलावर एकेक टाका, रिफल करा, आणि वरून चार-चार घ्या. प्रत्येक चौकडीत चारही रंग निघतात. (इथे रंग म्हणजे पत्त्यांतला रंग, लाल-काळा नव्हे.)

आठच पत्ते घेऊन दाखवतो. क्रमाने 1 इस्पिक, 2 बदाम, 3 किलवर, 4 चौकट, 5 इस्पिक, 6 बदाम, 7 किलवर, 8 चौकट. तीन पत्ते टेबलावर टाकले. टेबलावरच्या गठ्ठ्यात वरून खाली 3, 2, 1. हातात 4, 5, 6, 7, 8. आता वेडंवाकडं रिफल केलं आणि आलं 4, 5, 3, 6, 2, 7, 8, 1. पहिले चार चौकट, इस्पिक, किलवर, बदाम. पुढचे चार बदाम, किलवर, चौकट, इस्पिक. दोन्हीकडे चारही.

कारण आकड्यांकडे बघून कळतं. पहिल्या चारांत टेबलावरून फक्त 3 आला, हातातून 4, 5, 6. म्हणजे 3-4-5-6, मूळ कॅटमधले सलग चार. हातातून कमी आले असते तर टेबलावरून जास्त, पण तेही 3 पासून मागे मागे जाणारेच. काहीही झालं तरी वरचे चार म्हणजे 3 आणि 4 यांच्यामधल्या फटीपासून दोन्ही बाजूंना पसरत गेलेला सलग तुकडा. सलग चार पत्त्यांत चारही रंग असणारच.

आणि तो तुकडा काढून टाकल्यावर? 2 आणि 7 समोरासमोर आले. बदाम आणि किलवर, म्हणजे मूळ क्रमातसुद्धा शेजारीच. मधून पूर्ण एक फेरा गेला की उरलेली टोकं आपोआप जुळतात. मग पुढच्या चारांना तोच न्याय.

तिर्रीवाला
हे पटत नाही. मी चार रंगांचा कॅट लावला, काटला, रिफल केला. दुसऱ्याच चौकडीत दोन इस्पिक.

गणिती किडा
काटलात ना! टेबलावर एकेक टाकले नाहीत. तिथेच गेलं. वरच्याच आठ पत्त्यांत तीन नुसते काटून घेतले तर एका बाजूला 1, 2, 3 आणि दुसऱ्या बाजूला 4, 5, 6, 7, 8. रिफलमध्ये वर 1, 2, 4, 5 आले की इस्पिक दोनदा, किलवर गायब. एक गठ्ठा उलटा झालाच पाहिजे, म्हणजे दोन्ही माथे मूळच्या एकाच फटीच्या दोन बाजू होतात.

लाल-काळ्यात नुसतं काटून मुक्ताताईंचं निम्म्या वेळा जमलं, कारण दोनच रंगांचा क्रम उलटा केला तरी तसाच दिसतो. तीन किंवा जास्त झाले की ही सवलत संपते.

तिर्रीवाला
हं. एकेक टाकून केलं, आलं बरोबर. पण माझा परफेक्ट शफल जास्त भारी आहे हे माझं मत कायम.

झब्बू
मला अजूनही वाटतं की कधीतरी फसणारच. म्हणून पत्ते बाजूला ठेवून कॉम्प्युटरवर पिसले. कितीही वेळा चालवा, `True` च येतं. गठ्ठा उलटा करणारं `[::-1]` काढलं की लगेच `False` दिसायला लागतं. खुणांचा सिद्धांत मागे घेतो, नाइलाजाने.

```python
import random

def riffle(a, b):
    out = []
    while a or b:
        src = random.choice([p for p in (a, b) if p])
        out.append(src.pop(0))
    return out

deck = list("SHCD" * 13)
k = random.randint(0, 52)
d = riffle(deck[:k][::-1], deck[k:])
print(all(len(set(d[i:i+4])) == 4 for i in range(0, 52, 4)))
```

उगाचच
आधी घरच्यांवर संशय, आता पत्त्यांवर. पुढे काय, झब्बूराव?

मुक्ता_स
माझ्या भाच्याला दाखवायचं आहे, पण त्याला रिफल जमत नाही, पत्ते उडतात. आपण नेहमी हातात धरून पिसतो तसं पिसलं तर?

हातचा एक
नाही चालणार. हातातल्या हातात पिसताना पत्त्यांचे पुंजके काढून वरखाली टाकतो आपण, त्यात फटीचा हिशेबच राहत नाही. दोन गठ्ठे एकमेकांत जातील आणि प्रत्येक गठ्ठ्याचा आतला क्रम टिकेल, एवढी एकच अट आहे.

रिफल न येणाऱ्यांसाठी सोपी युक्ती आहे. दोन्ही गठ्ठे टेबलावर शेजारी ठेवा. एकेका गठ्ठ्यावर बोटं टेकून हलकं गोल फिरवा, पत्ते फुलासारखे उमलतात. मग दोन्ही फुलं एकमेकांत सरकवा आणि कडा ठोकून सरळ करा. दिसायला रिफलपेक्षाही जास्त पिसल्यासारखं वाटतं, आणि गठ्ठ्यांचा आतला क्रम मोडत नाही. एवढंच पाहा की सरळ करताना मधला एखादा पत्ता आडवा अडकून बाहेर राहिला तर तो जिथल्या तिथेच आत ढकलायचा. ओढून वर ठेवला तर संपलं.

पिसण्याआधी कॅट कितीही वेळा काटू द्या. 52 ला 2 नेही भाग जातो आणि 4 नेही, त्यामुळे शेवटचा आणि पहिला पत्ता जोडले तरी क्रम अखंड राहतो. प्रेक्षक काटतो तेव्हा त्याला वाटतं सगळं विस्कटलं, आणि काहीच झालेलं नसतं.

पानगळ
सगळ्यांचे आभार, पण माझा दुसरा प्रश्न वाहून गेला. आधी बरोबर आणि मग घोळ, ते का?

हातचा एक
लक्षात आहे. चूक कशी दिसते त्यावरून कारण ओळखता येतं. लावताना दोन पत्त्यांची अदलाबदल झाली असेल, म्हणजे लालच्या जागी काळा आणि काळ्याच्या जागी लाल, तर फार तर दोन जोड्या बिघडतात आणि बाकी सगळ्या पुन्हा बरोबर येतात. पण एखादा पत्ता मधूनच गायब असेल किंवा एखादा जोकर आत राहिला असेल, तर चित्र वेगळं. फटीपासून दोन्हीकडे पसरत जाणारा तुकडा त्या जागेपर्यंत पोचेपर्यंत सगळं ठीक. ती जागा ओलांडली की दोन्ही माथे एकाच रंगाचे होतात आणि पुढे शेवटपर्यंत नशिबाचा खेळ. कधी जोडी जमते, कधी नाही. तुम्ही सांगताय ते हेच वाटतं. पत्ते मोजा.

पानगळ
मोजले. 51. चौकट सत्ती बेपत्ता आहे, बहुतेक कपाटाखाली.

झब्बू
घरच्यांवर लक्ष ठेवा म्हणालो होतो.

उगाचच
एक शंका. नुसत्या नशिबाने सगळ्या 26 जोड्या लाल-काळ्या येण्याची शक्यता किती? उगाच कौतुक करतोय का आपण?

गणिती किडा
नीट पिसलेल्या कॅटमध्ये साधारण 74 लाखांत एकदा. कौतुक चालू ठेवा.

आणि ज्यांना लावायचा कंटाळा नाही त्यांच्यासाठी: सी स्टेबिन्सची मांडणी घ्या. प्रत्येक पुढचा पत्ता आधीच्यापेक्षा तीनने मोठा आणि रंग इस्पिक, बदाम, किलवर, चौकट याच क्रमाने. एक्का इस्पिक, चौकी बदाम, सत्ती किलवर, दश्शी चौकट, मग राजा इस्पिक, मग तिर्री बदाम, असं. यात रंगांचा फेरा चारचा, आकड्यांचा तेराचा, आणि दोन्ही एकाच वेळी चालू असतात. टेबलावर एकेक टाकून एकदा रिफल केलं की वरून दोन-दोन घ्या, लाल-काळे निघतील. चार-चार घ्या, चारही रंग निघतील. तेरा-तेरा घ्या, एक्क्यापासून राजापर्यंत सगळे एकेकदा निघतील. एकाच पिसण्यात तिन्ही.

तिर्रीवाला
हे मात्र मानलं. पण एवढं सगळं उघड्यावर लिहावं का? जे पोट यावर भरतात त्यांचं काय?

गणिती किडा
1958 पासून छापून येतंय हो. आणि कारण कळल्यावर जादू जास्त आवडते असं माझं मत.

तिर्रीवाला
तुमचं मत. बघणाऱ्याला विचारा.

मुक्ता_स
भाच्याने विचारलं, दोनदा पिसलं तर? मी म्हटलं विचारून सांगते.

हातचा एक
दोनदा पिसलं की हमी गेली. चार पत्त्यांतच दिसतं. पहिल्या पिसण्यानंतर लाल, काळा, काळा, लाल आलेत असं समजा, दोन्ही जोड्या बरोबर आहेत. आता दोन पत्ते टेबलावर टाका. तिथे माथ्यावर काळा, हातातही माथ्यावर काळा. पुढच्या रिफलमध्ये दोन्ही काळे एका जोडीत येऊ शकतात.

झब्बू
हमी नाही हे मान्य, पण सगळं विस्कटतं असंही नाही. प्रोग्रॅममध्ये दुसरं रिफल घालून पाहिलं, बऱ्याच जोड्या टिकतात. सरासरी किती टिकाव्यात याचं सूत्र कुणी काढू शकेल का?

गणिती किडा
टेबलावर किती टाकले आणि हात किती एकसारखा चालतो यावर ते अवलंबून असणार. कागदावर बसतो आज रात्री.